बरणी, नरसाळं आणि हरवलेला फोटो

अरे, फोटो गेला म्हणून लगेच पाठ्यपुस्तक उघडू नकोस. आधी कपाट उघड. तुझ्या मोबाइलमधला फोटो पुसला गेला, पण बरणी, नरसाळं आणि परीक्षानळी अजून तुझ्या आश्रमशाळेतच आहेत, आणि ज्यांनी ती मांडली ती पोरं सकाळी हजेरीला ‘हजर’ म्हणतात. वर्णन लिहायला एवढं पुरतं. मी शहाद्याला शिकवत होतो तेव्हा शाळेत कॅमेराच नव्हता, आणि प्रयोगशाळा सांभाळणारे आमचे काका मांडणी उतरवण्याआधी ती वहीत लिहून घ्यायचे. तुला जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्यांचं आहे.

पाठ्यपुस्तक का नको, ते सांगतो. हायड्रिलाचा प्रयोग प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एकाच चित्रात असतो. चंचुपात्र, त्यात पालथं नरसाळं, त्यावर पालथी परीक्षानळी, आत बुडबुडे. ते चित्र एकदा पाहिलंस की तुझी स्वतःची आठवण त्याखाली दबते, आणि तू जे मांडलं होतंस ते न लिहिता पुस्तकात छापलेलं लिहितोस. पुस्तकातलं चंचुपात्र काचेचं असतं. तुझ्याकडे खाऊची प्लॅस्टिकची बरणी होती असं तूच फोनवर म्हणालास. पुस्तकातली नळी अर्धी वायूनं भरलेली असते. अक्राणीच्या डिसेंबरातल्या उन्हात ती अर्धी भरली असेल यावर माझा विश्वास नाही.

दुसरा मोह असतो प्रयोग पुन्हा मांडून नवा फोटो काढण्याचा. पुन्हा मांड, जरूर मांड, पण तो तपासणीसाठी. त्याचा फोटो जुन्या प्रयोगाचा म्हणून चिकटवायचा नाही. नवी वनस्पती, नवं ऊन, नवं पाणी, म्हणजे नवा प्रयोग. जुन्या निरीक्षणाला नवा फोटो जोडलास तर दोन्ही खोटे ठरतात.

तर कपाटातून तिन्ही वस्तू काढ आणि पट्टी घे. बरणीची आतली उंची, तोंडाची रुंदी, नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास, त्याची एकूण उंची, परीक्षानळीची लांबी. पट्टीनं मोजलेला आकडा आठवणीतल्या आकड्याची परीक्षा घेतो, म्हणून हे काम आधी करायचं. उदाहरण देतो. ‘500 मिलिलिटरचं चंचुपात्र घेतलं’ हे वाक्य विज्ञानाच्या वह्यांमध्ये सर्रास असतं. ते चंचुपात्र साधारण 12 सेंटिमीटर उंच असतं. शाळेत मिळणारं काचेचं नरसाळं, ज्याचं तोंड साडेसात सेंटिमीटर आणि दांडीही तेवढीच, ते पालथं ठेवलं की सुमारे 13 सेंटिमीटर उंच होतं. त्याखाली टेकू दिले तर 14. म्हणजे नरसाळ्याचं टोक चंचुपात्राच्या काठाच्याही वर येणार, पाण्याखाली राहणं तर दूरच. आणि टोक पाण्याखाली नसेल तर हा प्रयोग मांडताच येत नाही. पाण्यानं भरलेली परीक्षानळी अंगठ्यानं बंद करून पालथी करायची, तिचं तोंड पाण्याखाली नेऊन मगच अंगठा काढायचा आणि ती दांडीवर सरकवायची, ही रीत. दांडीचं टोक पाण्याबाहेर असेल तर अंगठा हवेतच काढावा लागतो आणि नळीतलं सगळं पाणी सांडतं. तेव्हा आखूड दांडीचं नरसाळं नसताना ज्यानं ‘500 मिलिलिटरचं चंचुपात्र’ लिहिलं, त्यानं पुस्तकावरून उतरवलं आहे हे पट्टी सांगते. तू खाऊची बरणी घेतलीस ती उगाच नाही. चंचुपात्रात नरसाळं बुडेना, म्हणूनच तुझा हात बरणीकडे गेला असणार. हे कारण वर्णनात एका वाक्यात लिही, कारण पुढचा शिक्षक ‘साधं भांडं का, चंचुपात्र का नाही’ असं विचारेलच.

बरणी धुवून ठेवली आहेस, पण ती उजेडात धरून बघ. हातपंपाचं पाणी क्षाराचं असेल आणि ते दोन-चार दिवस बरणीत राहिलं असेल, तर पाण्याच्या पातळीला एक पांढुरकी रेष उमटते. नुसतं विसळून ती जात नाही. ती रेष दिसली तर तळापासून तिच्यापर्यंत मोज. पाणी किती होतं याला पुरावा मिळाला. दिसली नाही तर पोरांकडे वळ.

पोरांना विचारायची एक पद्धत आहे. सगळ्यांना एकत्र बसवून विचारलंस तर जो मोठ्यानं बोलतो त्याचं उत्तर सगळ्यांचं होतं. म्हणून एकेकाला वेगळं बोलाव. ‘नळी पाण्याच्या वर आली होती ना?’ असं विचारू नकोस; ‘ना’ ऐकला की पोरगं हो म्हणतं, मग ते घरी पावरी बोलणारं असो की मराठी. रिकामी बरणी पुढे ठेव आणि म्हण, पाणी कुठपर्यंत होतं तिथे बोट लाव. तू काय धरलं होतंस? तुझ्या आधी काय ठेवलं होतं? ज्यानं खडे वेचून आणले त्याला खडे किती आणि केवढे ते पक्कं आठवतं. वनस्पती कशी ठेवली होती ते त्याला विचारायचं नाही, ते जिनं दोरा बांधला तिला विचारायचं. ज्याच्या हातून जे घडलं तेवढंच त्याच्याकडून घ्यायचं. एखाद्या पोराला मराठीत शब्द सापडत नसेल तर त्याला वस्तू देऊन मांडायला सांग. तू बघ आणि लिही.

आता लिहायचं कसं. फोटो पाहताना डोळा एकदम सगळं बघतो, पण वाक्य एकामागून एक येतं. म्हणून फोटोचं वर्णन केल्यासारखं लिहिलंस तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. ‘एका बरणीत पाणी असून त्यात नरसाळं आणि परीक्षानळी उलटी ठेवली आहे व आत हायड्रिला आहे.’ या वाक्यात चूक काही नाही, पण यावरून कुणी मांडून दाखव. हायड्रिला नरसाळ्याच्या आत की बरणीत मोकळी? नळी नरसाळ्याच्या आत की वर? काका सांगायचे ते एवढंच, की मांडताना जे आधी ठेवलं ते आधी लिही, आणि तळापासून वर ये. बरणीचा तळ, तळावर खडे, खड्यांमध्ये वनस्पती, वनस्पतीवर नरसाळं, मग पाणी, शेवटी परीक्षानळी. हा क्रम पाळला की ‘आत’, ‘वर’, ‘खाली’ यांचा अर्थ आपोआप ठरतो, कारण प्रत्येक नवी वस्तू आधीच्या वस्तूला टेकलेली असते.

टेकलेली की नाही, हेच नेमकं लिहायचं राहून जातं. नरसाळ्याचा काठ बरणीच्या तळाला टेकला होता की खड्यांवर उचललेला होता? तुला वाटेल, सेंटिमीटरभराचा फरक, त्यात काय. पण काठ सपाट तळावर बसला की आतलं पाणी आतच अडकतं. त्यातला कार्बन डायऑक्साइड वनस्पती वापरते आणि बाहेरचं ताजं पाणी आत येत नाही, मग बुडबुडे मंदावतात. खडे आहेत म्हणून पाणी खेळतं. फोटोत हे खडे कदाचित दिसलेही नसते, वनस्पतीच्या आड गेले असते. शब्दात ते येतात, एवढा शब्दांचा फायदा.

तसंच कापलेल्या टोकांचं. हायड्रिलाच्या फांद्या कापून ठेवल्या की बुडबुडे बहुतेक कापलेल्या टोकातून निघतात. ती टोकं दांडीच्या दिशेनं, म्हणजे वर, असतील तर बुडबुडा सरळ दांडीत जातो. टोकं खाली किंवा नरसाळ्याच्या बाहेर राहिली तर वायू बरणीच्या पाण्यात निघून जातो आणि नळी रिकामीच. कुणी तुझं वर्णन वाचून प्रयोग मांडला आणि त्याला वायू मिळाला नाही, तर दहापैकी आठ वेळा दोष इथे असतो. म्हणून ‘हायड्रिलाच्या फांद्या’ एवढंच पुरत नाही. ‘कापलेली टोकं वर’ हे तीन शब्द हवेत.

नावं एकदा ठरव आणि बदलू नकोस. या मांडणीत दोन नळ्या आहेत, एक परीक्षानळी आणि एक नरसाळ्याची. दोन्हींना ‘नळी’ म्हटलंस की तिसऱ्या वाक्यात वाचणारा हरवला. नरसाळ्याच्या नळीला ‘दांडी’ म्हण, रुंद भागाला ‘तोंड’, आणि शेवटपर्यंत तेच ठेव. ‘उलटी’ हा शब्दही एकटा सोडू नकोस. परीक्षानळी उलटी म्हणजे तोंड खाली, हे तुला माहीत आहे; पण नरसाळं सुलटं कुठलं, यावर दोन शिक्षकांचंही एकमत होईलच असं नाही. ‘रुंद तोंड खाली, दांडी वर’ असं लिही, भांडण मिटतं. पोरं हायड्रिलाला शेवाळ म्हणतात. वहीत तसं लिहून चालणार नाही, कारण कुणीतरी खरंच डबक्यातलं शेवाळ आणून घालेल.

डावं-उजवं आलं तर कुणाचं, ते सांग. तुझ्या दोन बरण्या होत्या, एकीत वनस्पती आणि एकीत नाही. ‘डावीकडची’ म्हणजे मांडणीकडे तोंड करून उभं राहणाऱ्याच्या डाव्या हाताची. त्यापेक्षा दिशा पक्की. बरण्या वर्गाच्या दक्षिणेकडच्या ओट्यावर होत्या, वनस्पतीची बरणी पूर्वेला, बिनवनस्पतीची पश्चिमेला. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेचा ओटा म्हटलं की ऊन किती वेळ मिळालं याचा अंदाज वाचणाऱ्याला येतो. उत्तरेच्या ओट्यावर हाच प्रयोग डिसेंबरात मांडून बघ, मग दिशा का लिहायची ते कळेल.

दुसरी बरणी विसरू नकोस. आठवणीवरून लिहिताना हमखास तीच गळते, कारण तिच्यात काही घडत नाही. पण ती नसेल तर तुझ्या वायूला किंमत नाही. गार पाणी उन्हात तापलं की त्यात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते, आणि तीही नळीत गोळा होऊ शकते. सारख्याच उन्हात, सारख्याच पाण्याच्या, पण वनस्पती नसलेल्या बरणीत जेवढं जमलं तेवढं तापण्याचं, त्यावरचं वनस्पतीचं. हा पेच जुना आहे. यान इंगेनहाउझ नावाच्या डच डॉक्टरानं 1779 साली लंडनमध्ये वनस्पतींवरच्या प्रयोगांचं पुस्तक छापलं. पाण्यात बुडवलेली पानं उजेडात वायू सोडतात, अंधारात नाही, आणि हे काम सूर्याच्या उजेडाचं आहे, उबेचं नाही, हे त्यानं त्यात दाखवलं. छायाचित्रणाची कला जगापुढे आली 1839 साली. म्हणजे तुझा हा प्रयोग साठ वर्षं फोटोशिवायच एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला.

सुरुवातीची स्थिती आणि नंतरची स्थिती वेगळ्या वाक्यांत लिही. फोटो एकाच क्षणाचा असतो; तो कधी काढला हे माहीत नसेल तर नळीतली हवा प्रयोगानं आली की मांडतानाच शिरली हे सांगता येत नाही. मांडताना परीक्षानळीच्या टोकाशी मसुरीएवढा बुडबुडा राहिला असेल तर तोही लिही. पोरांना विचार, त्यांना आठवेल, कारण बुडबुडा राहिला की ती नळी पुन्हा भरायला लावतात.

आणि वायूची परीक्षा. तुझी आगपेटीची धुमसती काडी भडकली का? नीट आठव. फक्त लालभडक झाली असेल तर ‘लालभडक झाली, ज्योत उठली नाही’ असं लिही. त्यानं प्रयोग फसत नाही. नळीत जमणारा वायू शुद्ध ऑक्सिजन नसतो, पाण्यातला नायट्रोजनही त्यात उतरतो, आणि वायू थोडा असेल तर काडी नळीत जाईपर्यंत बाहेरची हवा मिसळते. ‘काडी भडकली’ हे वाक्य जितक्या वह्यांमध्ये आहे तितक्या काड्या नंदुरबार जिल्ह्यात भडकल्या नसतील.

पाणी कुठलं तेही महत्त्वाचं. हातपंपाच्या कठीण पाण्यात बायकार्बोनेट असतंच, त्यामुळे सोडा थोडा कमी पडला तरी चालतं. उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उरत नाही; त्यात सोडा घातला नाही तर बुडबुडे फारसे येणार नाहीत. सोडा ‘चिमूटभर’ लिहू नकोस, माझी चिमूट आणि तुझी चिमूट वेगळी. सपाट पाव चमचा म्हणजे साधारण एक ग्रॅम.

फोनवर तू जी मापं सांगितलीस त्यावरून मी एक मसुदा लिहून बघितला. तो असा:

‘खाऊची पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी, आतली उंची 20 सेंटिमीटर, रुंदी 11 सेंटिमीटर. (चंचुपात्रात नरसाळं पूर्ण बुडत नव्हतं म्हणून बरणी घेतली.) तळावर सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे तीन खडे त्रिकोणात ठेवले. खड्यांच्या मधल्या जागेत हायड्रिलाच्या बोटभर लांबीच्या सहा फांद्या, कापलेली टोकं वर आणि दोऱ्यानं सैल बांधलेली. त्यांच्यावर काचेचं नरसाळं, रुंद तोंड खाली, दांडी वर. काठ तिन्ही खड्यांवर टेकलेला, तळाला नाही. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास साडेसात सेंटिमीटर. हातपंपाचं पाणी, त्यात सपाट पाव चमचा खाण्याचा सोडा आधी विरघळवून, तळापासून 17 सेंटिमीटरपर्यंत ओतलं. दांडीचं टोक पाण्याच्या पातळीखाली सुमारे तीन सेंटिमीटर. 15 सेंटिमीटर लांबीची परीक्षानळी त्याच पाण्यानं काठोकाठ भरून, अंगठ्यानं बंद करून पालथी केली, तोंड पाण्याखाली नेऊन दांडीवर सरकवली. नळीचं तोंड नरसाळ्याच्या खांद्यावर टेकलं; बंद टोक बरणीच्या काठाच्या सुमारे दोन सेंटिमीटर वर आलं. सुरुवातीला नळीत हवा नव्हती. दुसरी बरणी अगदी अशीच, फक्त हायड्रिला नाही. दोन्ही दक्षिणेच्या ओट्यावर, वनस्पतीची पूर्वेला.’

आता आकडे एकमेकांना पटतात का ते बघ. खडा एक, नरसाळं तेरा, म्हणजे दांडीचं टोक चौदावर. पाणी सतरावर, म्हणून टोक तीन खाली. नरसाळ्याचा खांदा खड्यासकट सुमारे सातावर, त्यावर पंधराची नळी, म्हणजे बंद टोक बाविसावर, बरणीच्या काठापेक्षा दोन वर. जमतं. एखाद्या पोरानं ‘नळी बरणीच्या आतच होती, वर आली नव्हती’ असं सांगितलं तर एक तर नळी 15 ची नव्हती, नाहीतर पोराची आठवण चुकते आहे. पट्टी घेऊन नळी मोज, निकाल लागतो.

मसुदा बरोबर आहे का याची शेवटची परीक्षा अशी घे. ज्या पोरानं हा प्रयोग पाहिलेलाच नाही, आठवीतलं किंवा शेजारच्या वर्गातलं, त्याच्यापुढे सगळं सामान ठेव आणि वर्णन वाचून दाखव. त्यानं विचारलं तरी उत्तर देऊ नकोस, हातानंही खुणावू नकोस. जिथे त्याचा हात थांबेल तिथे वाक्य अपुरं आहे. जिथे तो वेगळं काही ठेवेल तिथे वाक्याचे दोन अर्थ होतात. तेवढीच वाक्यं दुरुस्त कर, बाकीच्यांना हात लावू नकोस. वर्णनाच्या जोडीला पेन्सिलीनं छेद काढायला हरकत नाही. पण सावल्या-बिवल्या नकोत, नुसत्या रेषा, पाण्याची पातळी तुटक रेषेनं, आणि मापं बाजूला.

जे कुणालाच आठवत नाही ते भरू नकोस. फांद्या सहा होत्या की सात, यावर पोरांचं जमलं नाही तर ‘सहा किंवा सात’ लिही. दोरा कोणत्या रंगाचा होता याच्याशी प्रयोगाचं देणंघेणं नाही, ते सोडून दे. खडे किती वर होते याच्याशी आहे, ते शोधून काढ.

लिहून झालं की वर दोन तारखा टाक, प्रयोग मांडल्याची आणि वर्णन लिहिल्याची, आणि त्याखाली स्पष्ट लिही: ‘छायाचित्र उपलब्ध नाही, वर्णन उपकरणं मोजून आणि विद्यार्थ्यांना विचारून लिहिलं आहे.’ मग ज्यांनी मांडणी केली त्या पोरांच्या सह्या घे आणि कागद प्रयोगवहीत चिकटव, मोबाइलमध्ये ठेवू नकोस.